सिनियरना रेझ्युमे बघायला सांगताना 'एकच पान, एकच आठवडा' असं लिहिणं आगाऊपणा वाटतो का?

मोजदाद
नमस्कार मंडळी. सहा वर्षं गोदामात स्टॉकचं काम करतेय, आता प्लॅनिंगच्या एका जागेसाठी अर्ज करायचाय. शेवटची तारीख 24 आहे आणि आज 11, सोमवार. चार वर्षांपूर्वी ज्यांच्या हाताखाली आठ महिने काम केलं त्या मॅडम आता दुसरीकडे प्लॅनिंगच्याच प्रमुख आहेत, त्यांना रेझ्युमे दाखवावा असं फार वाटतंय. मधल्या काळात संपर्क म्हणजे सणाच्या शुभेच्छा, बस.

मेल असा लिहिलाय: "आदरणीय मॅडम, आपण कुशल असाल अशी आशा. आपल्या मार्गदर्शनाखाली खूप शिकायला मिळालं. सोबत माझा रेझ्युमे जोडला आहे. वेळ मिळेल तेव्हा कृपया नजरेखालून घालावा व आपले बहुमोल अभिप्राय कळवावेत."

मैत्रीण म्हणते हे पुसून टाक आणि सरळ लिही की एकच पान आहे, पुढच्या मंगळवारपर्यंत सांगितलंत तर उपयोग होईल. मला ते वाचूनच कसंतरी झालं. काम आपलं आणि मुदत त्यांना द्यायची? तुम्ही काय केलंय अशा वेळी?

खडूफळा
वेळ मिळेल तेव्हा = कधीच नाही. माझ्याकडून एवढंच.

पाटीपेन्सिल
मीपण गेल्या वर्षी एका सरांना रेझ्युमे पाठवला होता, त्यांनी लगेच त्यांच्या एचआरला फॉरवर्ड केला. तुम्हीपण सरळ विचारा ना की तुमच्याकडे जागा आहे का, उगाच आडून कशाला. सिनियर लोकांना कळतंच आपण कशासाठी पाठवतोय ते.

मोजदाद
@पाटीपेन्सिल नाही हो, खरंच आडून नाहीये. जागा तिसऱ्याच ठिकाणी आहे, मॅडमचा तिथे काही संबंध नाही. फक्त नजर हवीय त्यांची.

पाटीपेन्सिल
अच्छा. मग सॉरी. पण तरी सांगतो, माझा तो रेझ्युमे कच्चा होता आणि तसाच पुढे गेला. आधीच्या नोकरीची तारीख चुकली होती, सोडलेलं वर्ष लागलेल्या वर्षाच्या आधीचं. एचआरने फोनवर पहिला प्रश्न तोच विचारला. तेव्हा कच्चा असेल तर कच्चा आहे, पुढे पाठवू नका असं लिहा बाई.

जुनाखांब
तेवीस वर्षं झाली कामाला, असे मेल मला येतात म्हणून पलीकडच्या बाजूने सांगतो.

तुमच्या मेलमधे 'वेळ मिळेल तेव्हा' हे तुम्ही नम्रपणा म्हणून लिहिलंय. मला ते कसं दिसतं सांगू? आज नको, असं. मी त्याला तारा लावून ठेवतो आणि मनात म्हणतो रविवारी निवांत बघू. रविवारी निवांतपणा येत नाही. तीन आठवड्यांनी तो मेल दिसतो तेव्हा लाज वाटते, आता काय उत्तर द्यायचं म्हणून मी आणखीच टाळतो, आणि तो मुलगा समजतो सरांना आपली किंमत नाही. असे चार तरी मेल आत्ता माझ्याकडे पडून असतील.

तारीख दिली की मला उलट सोपं जातं. तोपर्यंत जमणार असेल तर करतो, नसेल तर पाच मिनिटांत 'नाही जमणार' लिहून मोकळा होतो. त्यात तुमचाही वेळ वाचतो, तुम्ही दुसऱ्या कुणाला विचारू शकता. फक्त 'आठवड्याभरात' असं मोघम नको, वार आणि तारीख लिहा. आणि का ते लिहा. 24 ला अर्ज बंद होतोय, 19 पर्यंत मिळालं तर दुरुस्तीला चार-पाच दिवस राहतात, हे वाचल्यावर कुणाला आगाऊपणा वाटत नाही. कारण नसलेली मुदत मात्र हुकूम वाटते, तिथे तुमचं 'कसंतरी' बरोबर आहे.

दुसरं म्हणजे 'अभिप्राय कळवावेत'. कशाबद्दल? स्पेलिंग बघू, रचना बघू, की तुम्ही या जागेला योग्य आहात का ते बघू? प्रश्न दिला नाही की माणूस सगळ्यात सोपं करतो, म्हणजे दोन ठिकाणी स्वल्पविराम सुचवतो आणि 'छान आहे, शुभेच्छा' लिहितो. जागेची जाहिरात सोबत जोडा आणि एक प्रश्न विचारा, फार तर दोन.

घाईगडबड
जुनाखांब काकांशी सहमत. आणि पान एकच हवं म्हणजे हवंच, दुसरं पान कुणी उलटत नाही. माझा तीन पानी होता, मी फॉन्ट 8 केला, मार्जिन चारी बाजूंनी अर्धा सेंटीमीटर, दोन कॉलम पाडले आणि बसवला एका पानात. जमतं सगळं.

रात्रपाळी
@घाईगडबड एक पान बसवलंत की एका पानावर तीन पानं बसवलीत 😂 सिनियर माणूस म्हणजे चाळिशीचा चष्मा आला राव, 8 चा फॉन्ट त्याला मुंग्यांची रांग दिसणार.

दोन कॉलमचं पण जपून. अर्ज वाचणाऱ्या काही सिस्टिम आडव्या वाचत जातात, म्हणजे डावीकडचं कौशल्य आणि उजवीकडची कंपनी एका ओळीत. घरी तपासायचं तर पीडीएफमधलं सगळं सिलेक्ट करून साध्या नोटपॅडमधे पेस्ट करा, तिथे खिचडी दिसली तर तिकडेही खिचडी व्हायची शक्यता आहे. मॅडमना हे बघायला लावू नका, हे आपलं आपण करायचं काम आहे.

घाईगडबड
माझ्या फॉन्टवर सगळे तुटून पडले. 10 करतो, बस?

दीडशहाणी
हे एक पानाचं वेड मला कळत नाही. मी संशोधनात आहे, आमच्याकडे निबंधांची यादीच दोन पानं होते, एका पानाचा सीव्ही दिला तर लोक विचारतील बाकीची वर्षं कुठे होतात. सगळ्यांना एकच माप कसं लावता?

जुनाखांब
@दीडशहाणी बरोबर आहे, पण दोन गोष्टींची सरमिसळ होतेय. रेझ्युमे किती पानांचा असावा हा वेगळा वाद. मी म्हणतोय विनंती एका पानाची असावी. सीव्ही सहा पानांचा असला तरी "फक्त पहिलं पान बघा, बाकी संदर्भाला जोडलंय" असं लिहिता येतं. एक पान मी प्रिंट काढून पेनाने खुणा करत वाचतो, पंधरा-वीस मिनिटं. सहा पानं आली की मी वाचत नाही, चाळतो, आणि चाळून दिलेलं मत तुमच्या कामाचं नसतं.

पण घाईगडबड म्हणतात तेही अर्धं खरं आहे. सहा वर्षांच्या अनुभवाला एक पान पुरतं. बसवायला लागत असेल तर ते फॉन्टने नाही, गाळून.

दीडशहाणी
पहिलं पान दाखवायचं, हे पटलं. गाळण्याचं अजून नाही पटलेलं. गाळताना काय महत्त्वाचं हे ज्याला माहीत नाही तोच गाळत असतो ना?

टाचणी
मला वाटतं ओळखीच्या सिनियरला दाखवूच नये. ती मॅडम तुला ओळखते, त्यामुळे लिहिलं नाही तेही ती मनात भरून घेणार. रेझ्युमे वाचणार अनोळखी माणूस. मग अनोळखी सिनियरलाच विचार, लिंक्डइनवर शोध आणि मेसेज टाक. मी पाच जणांना टाकले होते.

खडूफळा
@टाचणी आणि किती उत्तरं आली?

टाचणी
एक. पण ते एक उत्तर भारी होतं. म्हणाले पहिल्या तीन ओळी वाचून मला तुम्ही काय करता तेच कळलं नाही. ओळखीच्या माणसाने हे कधीच सांगितलं नसतं.

रात्रपाळी
माझा किस्सा ऐका. मी सरांना गूगल डॉकची लिंक पाठवली, व्यवस्थित तारीखबिरीख देऊन. आठवडा गेला, उत्तर नाही. मला राग पण आला. दहाव्या दिवशी मेल साफ करताना प्रमोशनच्या ढिगाऱ्यात सापडलं, सरांनी दुसऱ्याच दिवशी लिंक उघडली होती आणि परवानगी मागणारा मेल मला आला होता. त्यांच्या समोर कुलूप आणि मी त्यांच्यावर रुसलेलो. तेव्हापासून पीडीएफ जोडतो, आणि लिंक द्यायचीच असेल तर कमेंट करता येईल अशी उघडी ठेवून स्वतः लॉगआऊट होऊन तपासतो.

आणि फाईलचं नाव! सरांकडे `resume_final_final2.pdf` गेलं होतं. नाव आणि जागा एवढंच ठेवा.

मोजदाद
बापरे, माझ्या फाईलचं नाव `Resume new (3).pdf` आहे 🙈

बरं, मेल परत लिहिला, बघा:

"मॅडम नमस्कार, आपण एकत्र असताना मी स्टॉक मोजणी बघत होते. आता प्लॅनिंगच्या एका जागेसाठी अर्ज करतेय, जाहिरात सोबत आहे. माझा एक पानी रेझ्युमे बघाल का? प्रश्न एकच: गोदामातला अनुभव प्लॅनिंगच्या कामाचा वाटेल असा मांडला गेलाय का, आणि नसेल तर कुठे कमी पडतोय. अर्ज 24 ला बंद होतोय, म्हणून मंगळवार 19 पर्यंत कळलं तर दुरुस्तीला वेळ मिळेल. प्रिंटवर पेनाने खुणा करून फोटो पाठवलात तरी चालेल. या आठवड्यात जमत नसेल तर तसं एका ओळीत कळवा, अजिबात संकोच नको. अजून कच्चा आहे, त्यामुळे कृपया पुढे पाठवू नका. आणि सध्याच्या ऑफिसात मी हे कुणाला सांगितलेलं नाही."

जुनाखांब
पाठवा. 'जमत नसेल तर एका ओळीत कळवा' हे तर उत्तमच. पेनाच्या खुणांचंही, कारण नीट उत्तर टाईप करायचा कंटाळा हे न बघण्याचं मोठं कारण असतं.

पाठवण्याआधी रेझ्युमेमधली मोजणीची ओळ इथे टाका, कंपनीचं नाव काढून.

मोजदाद
"सायकल काउंट सुरू करून स्टॉकमधील तफावत 4 टक्क्यांवरून 1.5 टक्क्यांवर आणली."

जुनाखांब
कशाचे 4 टक्के? मालाच्या किमतीचे, नगांचे, की वस्तूंच्या यादीतल्या जुळत नसलेल्या ओळींचे? एका वस्तूचे दहा नग जास्त निघाले आणि दुसरीचे दहा कमी, तर बेरजेने तफावत शून्य दिसते आणि प्रत्यक्षात दोन्ही चुकीच्या असतात. प्लॅनिंगवाला माणूस हेच पहिलं विचारणार, कारण तो त्याच आकड्यावर पुढची ऑर्डर काढतो.

मोजदाद
ओळींचे. साधारण 1200 वस्तू होत्या, त्यात 48 वस्तूंचा हिशोब आणि रॅक जुळत नव्हते, नंतर 18. जास्त-कमी एकमेकांत वजा नाही केलं, जी जुळली नाही ती चूक धरली. आधी वर्षातून एकदा सगळं बंद करून मोजायचे. आम्ही 150 महाग वस्तू दर महिन्याला आणि बाकीच्या वर्षातून दोनदा अशा वाटून घेतल्या.

जुनाखांब
मग हेच लिहा ना. "1200 वस्तूंपैकी न जुळणाऱ्या 48 वरून 18 वर, महाग 150 वस्तूंची मोजणी दरमहा." टक्के काढून टाका हवं तर. ओळ दोनच शब्दांनी वाढतेय आणि प्रश्न उरत नाही. हे आधीच दुरुस्त झालं की मॅडमची पंधरा मिनिटं यात जाणार नाहीत, त्यांना वरचं बघता येईल.

कागदबोळा
कंपनीचे आतले आकडे बाहेरच्या मॅडमना पाठवताय, ते चालतं का? आमच्याकडे करारात स्पष्ट लिहिलंय.

रात्रपाळी
न जुळलेल्या वस्तूंची संख्या म्हणजे काही गुपित नाही हो.

कागदबोळा
तुमच्यासाठी नसेल. ग्राहकाचं नाव, किंमत, माल कोणाकडून येतो, हे तरी नकोच. आकड्याबद्दल शंका असेल तर '48 वरून 18' ऐवजी 'निम्म्याहून कमी' लिहा.

जुनाखांब
नावं आणि किमती नकोत, पूर्ण सहमत. 'निम्म्याहून कमी' मला फिकं वाटतं, पण करार तुमचा आहे, वाचून ठरवा.

मोजदाद
करार काढून वाचला. ग्राहक आणि दर यांचा उल्लेख आहे, मोजणीचा नाही. आकडे ठेवतेय. आज, मंगळवारी सकाळी पाठवला मेल! दोन पानी होता, गाळून एक पान केला, फॉन्ट 10.5. (घाईगडबड, हसू नका.)

घाईगडबड
आता रोज एक आठवण टाका. मी टाकायचो, गुड मॉर्निंगसोबत. लोक विसरतात.

खडूफळा
रोज?? तुला ब्लॉक किती जणांनी केलंय?

टाचणी
आठवण एकच, तीही 18 ला. "उद्या मंगळवार" एवढं पुरे.

जुनाखांब
मला एक आठवण आवडते, बायकोच्या मते तीही चुकीची, आठवण आली की ती अजिबात उत्तर देत नाही म्हणते. माणसागणिक वेगळं. पण 19 उलटून गेली आणि काही आलं नाही तर एक मेल जरूर टाका, की मी अर्ज पाठवला, आता बघायची गरज नाही. म्हणजे ते ओझं त्यांच्या डोक्यावरून उतरतं आणि पुढच्या वेळी तुमचं नाव बघून त्या दचकत नाहीत.

दीडशहाणी
हे मी माझ्या गाईडना करायला हवं होतं. तीन वर्षं झाली, अजून ते मला बघून 'तुझं ते वाचायचं राहिलंय' म्हणतात. मला नोकरी लागून दोन वर्षं झाली.

खडूफळा
@दीडशहाणी 😂😂

मोजदाद
आज 20, सांगायला आले. 18 ला संध्याकाळी एक आठवण टाकली होती, तासाभरात मॅडमचं उत्तर आलं, "उद्या बघते." आणि काल रात्री खरंच प्रिंटचा फोटो आला, हिरव्या पेनाने खुणा.

मोजणीच्या ओळीला नुसतं 'बरोबर' केलंय, त्याबद्दल जुनाखांब काकांचे आभार. सगळ्यात वरच्या तीन ओळींवर एकच आडवी रेघ आणि शेजारी 'हे कुणीही लिहील'. टाचणी, तुमच्या त्या अनोळखी माणसासारखंच झालं की हे.

पण खरी गोष्ट खाली होती. मोकळ्या समासात लिहिलंय, "परत आलेल्या मालाचं तू शोधलं होतंस ते कुठे गेलं?"

झालं असं की त्या आठ महिन्यांत मला लक्षात आलं होतं की ग्राहकाकडून परत आलेला माल त्याच दिवशी रॅकवर जातो पण नोंद दुसऱ्या दिवशी होते, आणि मधल्या रात्री सिस्टिमला तो माल नाहीच असं वाटून नवीन ऑर्डर सुटते. त्या 48 मधल्या बऱ्याच वस्तू याच होत्या. मोजणी वाढवून चुका सापडल्या, पण कमी झाल्या त्या नोंदीची वेळ बदलल्यामुळे. ही ओळ माझ्या जुन्या रेझ्युमेत दुसऱ्या पानावर होती. एक पान करताना मीच उडवली, कारण मला ते क्लार्कचं काम वाटलं. मॅडमनी लिहिलंय प्लॅनिंगच्या जागेसाठी पूर्ण पानात कामाची ओळ हीच आहे, सगळ्यात वर घे.

दीडशहाणी
मी म्हटलं होतं! गाळणाऱ्याला माहीत नसतं!

घाईगडबड
म्हणजे 8 चा फॉन्ट असता तर ती ओळ राहिली असती. नुसतं सांगतोय.

टाचणी
मान्य, हे अनोळखी माणसाला दिसलंच नसतं. पण ते 'कुणीही लिहील' मात्र कुणालाही दिसलं असतं. दोघांना विचारावं म्हणते मी.

जुनाखांब
मलाही दिसलं नाही, तुम्ही ओळ टाकलीत तेव्हा '48 चे 18 कशामुळे' हे विचारायला हवं होतं मी. आकड्यातच अडकलो. पुढच्या वेळी गाळलेल्या ओळींची वेगळी यादी जवळ ठेवा. मॅडमना पाठवायची नाही, पण त्यांनी विचारलं तर हाताशी असते.

कागदबोळा
एक शंका. परत आलेल्या मालाची नोंद उशिरा व्हायची हे लिहिणं म्हणजे जुन्या कंपनीची चूक बाहेर सांगणं नाही का?

मोजदाद
@कागदबोळा हो, तेच डोक्यात फिरतंय. सध्या असं केलंय: "परत आलेल्या मालाची नोंद त्याच दिवशी होईल अशी पद्धत बसवली, त्यामुळे अनावश्यक ऑर्डर थांबल्या." आधी काय व्हायचं ते मुलाखतीत विचारलं तर तोंडी सांगेन. मॅडमना परत दाखवावं का हा नवा प्रश्न आहे, एकदाच बघा म्हटलं होतं मी.

जुनाखांब
पूर्ण रेझ्युमे नको. ती एकच ओळ मेलमधेच लिहून पाठवा, जोडपत्र नको, म्हणजे फोनवरच वाचता येईल. आणि काय बदललं ते दोन वाक्यांत.

रात्रपाळी
आणि फाईलचं नाव बदललं का?

मोजदाद
बदललं. ओळ पाठवली, मॅडमचा फक्त अंगठा आला 👍 आज रात्री अर्ज भरतेय.